आमचा लॅब्रॅडॉर फिरताना रस्त्यावरची हाडं उचलतो, काढायला गेलं की गिळूनच टाकतो. ‘सोड’ आणि ‘नको’ कसं शिकवायचं?

आधी तोंडात हात घालणं बंद करा. ‘मालक कोण ते कळू दे, जबडा उघडून काढून घे’ हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि तो साफ चुकीचा आहे. हात आला की वस्तू जाते, एवढंच कुत्रा त्यातून शिकतो. मग हात पोचायच्या आत गिळणं हाच त्याच्यासाठी शहाणपणा ठरतो. तुमचा नेमकं तेच करतोय.

‘सोड’ घरात शिकवा, तेही तोंड रिकामं असताना. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या, शांतपणे एकदाच ‘सोड’ म्हणा आणि लगेच चार-पाच तुकडे जमिनीवर टाका. तो खात असताना बोटाने एकेक तुकडा दाखवत राहा, म्हणजे तोंडाजवळच्या हाताची धास्ती जाते. शब्द ऐकताच तो मान खाली घालून जमीन हुंगायला लागला की शब्द बसला. मग तोंडात एखादं नावडतं खेळणं असताना हेच करा. खेळणं सोडून तुकडे खाल्ले की ते खेळणं त्याला परत द्या. बहुतेक जण इथेच चुकतात. दर वेळी वस्तू गेलीच, तर पुन्हा सोडेल कशाला?

‘नको’साठी मुठीत बिस्किट धरा. तो चाटेल, पंजा मारेल, गप्प राहा. नाक मागे घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून चिकन द्या. मुठीतलं बिस्किट कधीच द्यायचं नाही, नाहीतर ‘नको’चा अर्थ ‘थांब, मग मिळेल’ असा होतो. जमलं की उघडा तळवा, मग जमीन, आणि चपळाई केलीच तर झाकायला तुमचा पाय.

रस्त्याआधी सोसायटीच्या आवारात पाव ठेवून त्यावर चाळणी पालथी घाला. पाच-सहा फुटांवरून पट्टा सैल ठेवून जा, नजर गेली की लगेच ‘नको’, तुमच्याकडे वळला की चिकन. पट्टा ताणलात तर तो उलट पुढे झेपावतो. नाक पावापाशी पोचल्यावर म्हटलेल्या ‘नको’चा उपयोग नाही, तसं होत असेल तर अंतर वाढवा. ‘सोड’चा मोबदला चांगला मिळतो म्हणून काही कुत्रे मुद्दाम वस्तू उचलून आणतात, तसं दिसलं तर ‘नको’चा सराव वाढवा.

याला काही आठवडे लागतात. तोवर चिकनच्या गाड्यांवरून जाऊ नका किंवा जाळीची मुसकी घाला. तिच्यातून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. आणि उंदराचं औषध गिळल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. कुत्रा बरा दिसला तरी वेष्टन घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, कारण रक्त न गोठू देणाऱ्या विषाची लक्षणं काही दिवसांनी दिसतात.