नागपूरच्या उन्हात नं. 6 फाइन निबचं ड्रॉपर पेन: घ्यावं का?

प्रश्न: राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या लेखी सरावासाठी शाईचं पेन घ्यायचं आहे. आतापर्यंत 0.5 जेल वापरलं. एका पेनच्या जाहिरातीत असं लिहिलंय: "निब नं. 6, फाइन. शाई भरणे: ड्रॉपर, कन्व्हर्टरही चालतो. क्षमता 3.5 मिली. बॉडी एबोनाइट. सर्व प्रकारच्या कागदासाठी योग्य." मी साध्या फुलस्केपवर लिहितो आणि दुपारी क्लासला जातो. राहायला नागपुरात. घेऊ का?

उत्तर:

घ्या. फक्त उन्हाळाभर ड्रॉपरने शाई भरू नका, कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी वेगळी नळी, आत लावूनच वापरा. आणि "सर्व प्रकारच्या कागदासाठी" या ओळीवर विसंबू नका, कारण तसं कुठलंच शाईचं पेन नसतं.

आधी ड्रॉपरचं सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ड्रॉपर पेनमध्ये शाई थेट नळीत असते. शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते, आणि गरम झाली की ती हवा फुगते. तापमान 1 अंशाने वाढलं की हवा साधारण तीनशेव्या भागाने वाढते, असा ढोबळ हिशेब धरा. तुमच्या 3.5 मिलीच्या नळीत 1.5 मिली शाई उरली आहे, म्हणजे 2 मिली हवा आहे. कूलरच्या खोलीत 28 अंश, बाहेर 43. पंधरा अंशांच्या फरकाने ती हवा सुमारे 0.1 मिली फुगते आणि तेवढीच शाई निबकडे ढकलते. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा असतो. म्हणजे दोन थेंब टोपणात, किंवा टोपण काढताच थेट कागदावर. यात पेनचा दोष नाही, नवतपात चांगलं पेनही असंच शाई ओकतं.

कन्व्हर्टरमध्ये एकूण शाईच 0.7 ते 0.8 मिली मावते. तो अर्धा रिकामा असला तरी आत 0.4 मिली हवा, आणि त्याच उन्हात ती 0.02 मिली फुगेल, म्हणजे अर्ध्या थेंबापेक्षाही कमी. निबखाली जो काळा, खाचांचा तुकडा असतो त्याला फीड म्हणतात. त्या खाचा नेमक्या अशी जादा शाई धरून ठेवण्यासाठीच असतात, त्यामुळे एवढी शाई तिथेच थांबते. एबोनाइटमधून उष्णता हळू जाते, त्यामुळे हाताच्या उबेपुरता त्याचा फायदा होतो. पितळी बॉडी लगेच तापते. पण अर्धा तास उन्हात तापलेल्या बॅगेत एबोनाइटही काही करू शकत नाही.

पेन नेताना निब वर ठेवून उभं ठेवा. निब वर असली की हवा निबच्या बाजूला असते आणि फुगली तर हवाच बाहेर पडते. बॅगेत आडवं पडलेलं पेन मात्र शाई ढकलतं. क्लासला पोहोचल्यावर दहा मिनिटं तसंच उभं राहू द्या, मग निब वर धरूनच टोपण उघडा. लिहिताना पहिलं अक्षर अचानक जाड आलं किंवा निबच्या पोटाशी थेंब जमलेला दिसला, तर पेन झटकू नका. टिश्यू टेकवा, तो जादा शाई ओढून घेईल.

पावसाळा लागला, दिवसाचे चढउतार कमी झाले की ड्रॉपर खुशाल वापरा. तेव्हा नळीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या आणि नळी अर्ध्याखाली येऊ देऊ नका. व्हॅसलीन लावू नका. ते उन्हात वितळून फीडपर्यंत जातं, आणि रबरी रिंग असेल तर ती फुगते.

आता निब. नं. 6 हा निबच्या अंगाचा आकार आहे, रेघेची जाडी त्यावरून कळत नाही. जाडी "फाइन" या शब्दात आहे. जर्मन मापाची फाइन साधारण 0.6 मिमीची रेघ देते, जपानी फाइन तिच्याहून बारीक असते. जेलचा 0.5 हा आकडा टोकातल्या गोळीचा व्यास आहे. तिची रेघ साधारण 0.3 मिमीचीच पडते. त्यामुळे "0.5 वरून 0.6, म्हणजे जवळपास तेच" असं समजून घ्याल तर अक्षर दुप्पट जाड दिसेल. देवनागरीत हे जास्त जाणवतं: क्ष, द्ध, ष्ठ यांच्या आतल्या पोकळ्या लहान, त्या आधी बुजतात. फुलस्केपच्या ओळीत तुमचं अक्षर मध्यम आकाराचं असेल तर फाइन पुरेशी आहे. अगदी बारीक लिहीत असाल तर एक्स्ट्रा फाइन मागा. मीडियम या कामाला घेऊच नका.

कारण पुढे कागद आहे. जेलची शाई घट्ट असते, ती कागदावर बसते. शाईच्या पेनची शाई जवळजवळ पाण्यासारखी पातळ, ती तंतूंतून पळते. कागद बनवताना त्याला जी खळ देतात ती शाईला अडवते. जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, खळीशी त्याचा संबंध नाही. म्हणून 80 जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर शाई फुटते आणि चांगल्या खळीच्या 60-70 जीएसएमच्या वहीवर रेघ स्वच्छ येते, असंही होतं. साध्या फुलस्केपवर फाइन निबची रेघ फुटून मीडियमसारखी दिसू शकते.

बर्डीवर कागद घ्यायला जाल तेव्हा शाई भरलेलं पेन सोबत न्या आणि एकेक सुटा ताव मागून बघा. क्ष, ष्ठ, द्ध लिहा, खाली एक फुली मारा, जिथे रेघा छेदतात तिथे निब क्षणभर टेकवून ठेवा. अर्ध्या मिनिटाने बघा. रेघेला केसासारखे धागे फुटले असतील तर खळ कमी आहे. कडा स्वच्छ, पण मागे ठिपके उमटले असतील तर एका बाजूला लिहिण्यापुरता तो चालेल. मागून नुसती सावली दिसत असेल तर काळजी नाही, कागद पातळ आहे एवढंच. पसंत पडलेला गठ्ठा कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल धरलेल्या कागदावर शाई जास्त फुटते, आणि मग माणूस उगाच पेनला दोष देतो.

कागद बदलणं शक्य नसेल तर शाई बदला. कमी वाहणारी साधी निळी शाई गडद, ओलसर शाईपेक्षा कमी फुटते. आयर्न गॉल शाई खराब कागदावर सगळ्यात नीट वागते, पण ती पेनमध्ये वाळू देऊ नका आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पेन धुवा.

नवं पेन आलं की पहिल्यांदा कोमट नव्हे, साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा. कारखान्यातलं तेल राहिलं तर शाई मध्येच तुटते. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. भरताना निब पूर्ण बुडवा, कन्व्हर्टर दोन-तीनदा खालीवर करा, भरल्यावर तीन थेंब परत बाटलीत सोडा आणि निब वर करून उरलेला फेरा मागे घ्या, म्हणजे फीड रिकामं होऊन जादा शाई धरायला तयार राहतं. मे महिन्यात काही दिवसांनी रेघ आपोआप गडद होऊन अडखळू लागली तर पाणी उडून शाई घट्ट झाली आहे. इन्व्हर्टरसाठी आणतात त्या डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब कन्व्हर्टरमध्ये टाकला की ती पुन्हा वाहते. दर दोन दिवसांनीच असं होऊ लागलं तर टोपण हवाबंद नाही. टोपणाच्या तोंडाला ओठ लावून हवा ओढून बघा, ओठाला चिकटलं पाहिजे.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: कन्व्हर्टर सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, आणि निब नुसती दाबून बसवलेली आहे की आट्यांच्या युनिटमध्ये आहे. आट्यांची असेल तर युनिट कुठल्या कंपनीचं तेही विचारून ठेवा, कारण दोन कंपन्यांचे नं. 6 चे आटे एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि फाइनच्या जागी एक्स्ट्रा फाइन हवी झाली तर ते तेव्हा कळून उपयोग नाही.