यमक सोडू नका, शब्द सोडा

प्रश्न: इंग्रजी जाहिरातीचं यमक असलेलं घोषवाक्य अरबीत करायचं आहे. शब्दखेळ तसाच येत नाही. अशा वेळी यमक सोडून नुसता अर्थ द्यावा का?

नाही. यमक ठेवा, मूळचे शब्द सोडा. हे मी एकदा नीट करून दाखवलं होतं आणि तरीही ते नाकारलं गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी शारजात नऊ वर्षं होते. त्यातली बरीचशी एका छापखान्यात अरबी मजकूर तपासण्यात गेली. नागपूरला परत आल्यावर कळमना मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यांचं काम आलं. मृग बहाराची संत्री ते आखातात पाठवणार होते. खोक्यावरची इंग्रजी ओळ मुंबईच्या एका जाहिरात संस्थेनं लिहून दिली होती: "पील इट, फील इट." ओळ उत्तम होती, हे आधीच सांगते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठा घातला की सुटते. ओळीत नेमकं तेच होतं. दोन ठोके, दोन्हींत एकाच आवाजाचा फरक, आणि सोलणाऱ्याला लगेच काहीतरी मिळतं ही हमी.

संस्थेनं अरबी ओळही कोणाकडून तरी करून आणली होती: "कश्शिर्हा व हिस्स बिहा." मला फक्त तपासायची होती. शब्दाला शब्द बरोबर होता. कश्शिर म्हणजे सोल, हिस्स म्हणजे अनुभव, जाणवून घे. दोन्हीकडे शेवटी "हा" येतो, म्हणून त्यांना वाटलं यमकही जमलं.

ते यमक नाही. तो "हा" म्हणजे सर्वनाम आहे, आपल्या "तिला"सारखं, मागून चिकटवलेलं. मराठीत "घरात" आणि "दारात" जुळतं, कारण "त"च्या आधीचा "रा"ही जुळतो. "घरात" आणि "पोटात" म्हटलं की कान म्हणतो, नुसता प्रत्यय जुळला. अरबी छंदशास्त्रात यमकाचा आधार असलेल्या अक्षराला रवी म्हणतात, आणि असा चिकटवलेला "हा" सहसा रवी धरला जात नाही, त्याच्या आधीचं अक्षर जुळावं लागतं. इथे एकीकडे "र", दुसरीकडे "बि". शिवाय अरबीत एक संत्रं म्हटलं की ते स्त्रीलिंगी, आणि "तिला" हे सर्वनाम फळाला लागतं तसंच बाईलाही. खोक्यावर फळाचं चित्र असलं तरी "तिला जाणवून घे" हे घरी न्यायच्या खोक्यावर बरं दिसत नाही. मी हे लिहून कळवलं. उत्तर आलं, मग तुम्हीच दुसरं द्या.

मी इंग्रजी ओळ बाजूला ठेवली आणि फळ हातात घेतलं. सांगायचं एवढंच होतं: साल सहज निघते आणि लगेच बरं वाटतं. मग अरबीत सालीचं धातुकुळ पाहिलं, काफ-शीन-रे. त्यातून किश्र म्हणजे साल, कश्शर म्हणजे त्यानं सोललं. आता ज्या धातूत शेवटची दोन अक्षरं हीच आहेत आणि अर्थ आनंदाचा आहे असा शोधायचा. बे-शीन-रे लगेच सापडला. बिश्र म्हणजे चेहऱ्यावरचा आनंद, बुश्रा म्हणजे शुभवार्ता. फक्त पहिलं अक्षर वेगळं. ज्यांना वाटतं की अरबीत शब्दखेळ जमत नाही, त्यांनी हे जरूर पाहावं. तीन अक्षरांचा धातू आणि त्यावर चढवायचे ठरलेले साचे, अशी ही भाषा आहे. दोन शब्द एकाच साच्यात बसवले की स्वर आपोआप सारखे होतात. आवाजाच्या अशा जवळिकीला तिथल्या अलंकारशास्त्रात जिनास म्हणतात, यमक असलेल्या गद्याला सजअ. इंग्रजीत जे योगायोगानं मिळतं ते इथे साच्यातूनच मिळतं.

पहिली ओळ मी केली: "तह्तल्-किश्र, बिश्र." सालीखाली आनंद. म्हणून पाहिली, जीभ अडली नाही. ज्यांच्याकडे मी अरबी शिकायला सुरुवात केली होती ते उस्ताद कामठीला राहतात. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्यासमोर कागद ठेवला. पेन्सिलीनं लिहिलं होतं, जाहिरातीत लिहितात तसं, स्वरचिन्हांशिवाय. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं: "तह्तल्-किश्र, बशर."

बशर. माणूस. उर्दू शायरीत आपण ऐकतो तोच शब्द. बे-शीन-रे असं नुसतं लिहिलं की वाचणारा आधी बशर वाचतो, कारण तो रोजचा शब्द आहे आणि बिश्र पुस्तकी. सालीखाली माणसं! बे खाली एक जेर, म्हणजे "इ"चं चिन्ह, दिला असता तर वाचता आलं असतं, पण जेर छपाईत टिकत नाही. डिझायनरला तो धुळीचा ठिपका वाटतो, आणि खोक्यावर लांबून दिसतही नाही. रेडिओवर ही ओळ चालली असती. पेटीवर चालणार नव्हती. तुमच्या कामात यमक सापडलं की पहिली परीक्षा हीच: स्वरचिन्हं काढून, अर्थ न सांगता, दुसऱ्याला वाचायला द्या. लिहिणाऱ्याला ती चूक दिसतच नाही, कारण त्याला शब्द आधीच माहीत असतो.

परतताना बसमध्ये शारजातला आमच्या छापखान्याजवळचा भाजीवाला आठवला. सौदीचा होता. काहीही मागितलं, दोन किलो कांदे मागितले तरी म्हणायचा, "अब्शिर." शब्दशः अर्थ "शुभवार्ता घे, आनंद मान". पण आखातात आणि सौदीत तो "झालंच समजा", "तुम्ही सांगा नि मी करतो" अशा आपुलकीनं रोज बोलला जातो. धातू तोच, बे-शीन-रे.

"कश्शिर व अब्शिर."

सोल, आणि झालंच समज. दोन आज्ञा, दोन ठोके, दोन्हींचा शेवट "शिर". पहिल्याचा पहिला शब्दावयव "कश्", दुसऱ्याचा "अब्", दोन्ही व्यंजनावर संपणारे आणि सारख्याच वजनाचे. आणि इंग्रजीत नसलेली एक गोष्ट यात आली: फळच तुम्हाला दुकानदाराच्या आवाजात उत्तर देतंय. अरबीतली अडचण अशी की आज्ञार्थाला लिंग आणि वचन असतं. इंग्रजीत "पील" सगळ्यांना चालतं, अरबीत पुरुषाला कश्शिर, बाईला कश्शिरी, अनेकांना कश्शिरू. बऱ्याच ओळी इथेच मोडतात, कारण एक शब्द बदलला की यमक सुटतं. इथे "कश्शिरी व अब्शिरी", "कश्शिरू व अब्शिरू", दोन्ही शब्द एकत्रच बदलतात आणि यमक तसंच राहतं. बायकांसाठीच्या जाहिरातीत वेगळी ओळ करावी लागत नाही. उस्तादांना फोनवर ऐकवली. ते क्षणभर थांबले आणि एवढंच म्हणाले, "हां, ये उनकी अपनी है."

व्यापाऱ्यांना मी आधी म्हणून दाखवली, मग अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, "पण ताई, यात ते फील कुठी गेलं?" मी म्हटलं, अब्शिरमध्येच आहे. त्यांनी दोनदा म्हणून पाहिली आणि त्यांना ती आवडली. संस्थेला मात्र आवडली नाही. त्यांनी ती तिसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घेतली, आणि आलेलं "सोल आणि आनंद मान" मला पाठवून लिहिलं की मूळात आनंद हा शब्दच नाही, आम्ही भाषांतर मागितलं होतं, नवी ओळ नाही. तिथल्या मॅडमशी फोनवर वीस मिनिटं वाद झाला. त्यांचं म्हणणं, अर्थ पहिला, यमक हा दागिना. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: जाहिरातीच्या ओळीत यमक हाच अर्थाचा अर्धा भाग असतो, ओळ लक्षात राहणं हेच तिचं काम. उलट-भाषांतरानं ते मोजता येत नाही, कारण उलट येताना यमक आणि "अब्शिर"ची आपुलकी हेच दोन्ही गळून जातं. उलट-भाषांतर औषधाच्या पत्रकाला योग्य आहे, तिथे मात्रा चुकायला नको.

शेवटी पहिलीच, "हिस्स बिहा" असलेली ओळ छापली गेली. माल उतरल्यावर तिकडच्या व्यापाऱ्यानं तिच्यावर स्वतःच्या दुकानाचं स्टिकर लावून खोके मांडले. फोटो मला व्यापाऱ्यांनीच पाठवला. पुढच्या हंगामात त्यांनी संस्था बदलली आणि माझी ओळ घेतली.

पण तेव्हाही पहिल्या आर्टवर्कमध्ये शीनवरचा शद्द गळाला होता. शद्द म्हणजे अक्षर दुप्पट करायचं चिन्ह. तो गेला की "कश्शिर"चं "किश्र" होतं आणि ओळ "साल आणि आनंद मान" अशी निरर्थक वाचली जाते. या ओळीत जेर सोडला तरी चालतो, शद्द सोडून चालत नाही. जाणकार अरबी वाचकही जाहिरातीत शद्द पाहायला सरावलेले असतात, त्यामुळे तो खटकत नाही. म्हणून छापण्याआधीची पीडीएफ स्वतः मोठी करून पाहा. अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत का हेही बघा. अरबी न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की अक्षरं सुटी होतात आणि क्रम डावीकडून उजवीकडे उलटतो. न वाचणाऱ्याला ते सुबकच दिसतं.

आता ज्या गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. "अब्शिर"ची ही आपुलकी सौदी आणि आखातातली आहे. इजिप्तमध्ये किंवा मोरोक्कोत शब्द कळेल, पण दुकानदाराचा तो आवाज ऐकू येणार नाही, तिथे वेगळी ओळ लागेल. म्हणून देश कोणता हे विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. "अरबी" एवढं उत्तर पुरत नाही. सौदीच्या गृहमंत्रालयाच्या ऑनलाइन सेवेचं नावही हेच आहे, लोक ते रोज फोनवर पाहतात. फळाच्या खोक्याला त्याची अडचण आली नाही, पण बँकेच्या किंवा सरकारी कामाच्या जाहिरातीत गैरसमज होऊ शकतो. शिवाय, नागपुरी संत्रं खरं तर मँडरीन आहे, आणि बऱ्याच अरब देशांत त्याला बुर्तुकाल न म्हणता यूसुफी किंवा यूसुफ अफंदी म्हणतात. फळाचं नाव ओळीत येणार असेल तर हे आधी ठरवा.

आणि पैसे शब्दावर घेऊ नका. "कश्शिर व अब्शिर" हे अरबीत मोजायला दोनच शब्द आहेत, कारण "व" पुढच्या शब्दाला चिकटूनच लिहितात, आणि संस्थेनं मला दोन शब्दांचेच दिले होते. अशा कामाचा दर एका ओळीचा किंवा तासांचा ठरवा, त्यात तीन पर्याय, प्रत्येकाचं शब्दशः भाषांतर आणि "हेच का" याच्या चार ओळी द्या. त्या चार ओळी मी तेव्हा लिहून न देता फोनवर बोलले.