चष्मा काढल्यावर डोळे बारीक का दिसतात?

प्रश्न: वडिलांच्या जुन्या फोटोतला चष्मा पूर्ण काढायचाय. फ्रेम पुसली, पण डोळे बारीक आणि चेहरा वेगळाच वाटतो. काय चुकतंय?

तुमच्या वडिलांचा नंबर बहुतेक उणे असणार. उणे नंबरच्या काचेतून मागचा डोळा लहान दिसतो. उणे ६ असेल तर साधारण आठ टक्क्यांनी. फ्रेम गेली तरी काचेने केलेला हा बदल फोटोत तसाच राहतो.

माझ्याकडे असाच एक स्कॅन आला होता. जाड काळी फ्रेम, आणि कानशिलाजवळ काचेच्या आत चेहऱ्याची कडा एकदम आत सरकलेली. कडेतली ती पायरी मी आधी मिटवली. फ्रेमच्या वर कानशील आणि खाली गाल जिथे दिसतो, ती दोन टोकं सलग रेषेने जोडली, तीच खरी कडा. मग डोळा पापण्यांसकट वेगळ्या लेयरवर घेऊन बुबुळाच्या मध्यापासून हळूहळू मोठा केला. थांबायचं कुठे, ते भुवईने सांगितलं. तिचा एक तुकडा काचेतून दिसत होता आणि एक फ्रेमच्या वर. दोन्ही एका ओळीत आले तिथे थांबलो.

फ्रेम पुसताना आधी `Clone Stamp` वापरा. काळ्या कडेला लागून `Healing Brush` फिरवला की काळपटपणा त्वचेत पसरतो आणि मळकट डाग उरतो. काळं पूर्ण झाकल्यावरच तो हातात घ्या. गालावरची फ्रेमची सावली पुसायला विसरू नका.

खरी परीक्षा नाकाच्या दांड्यावर होते. तिथे फ्रेमच्या पुलाने उजेडाची पट्टी तुटलेली असते. ती कपाळाकडून नाकाच्या शेंड्याकडे सलग उतरली पाहिजे, आणि एक बाजू दुसरीपेक्षा गडद राहिली पाहिजे. म्हणून डाव्या बाजूची त्वचा डावीकडूनच घ्या. दोन्ही बाजूंना सारखा रंग भरला की नाक चपटं दिसतं; माझं पहिल्या खेपेला तेच झालं होतं.

भुवईचा झाकलेला भाग एकेका केसाने काढा. नाकाजवळ केस वर जातात, पुढे बाहेर वळतात, शेपटीकडे खाली उतरतात. रंग काळा नको, शेजारच्या केसांवरून उचला.

त्या स्कॅनमध्ये एका काचेवर फ्लॅशची चमक होती. दुसरा डोळा उलटा करून बसवला, पण त्यातला उजेडाचा ठिपकाही उलटला आणि नजर तिरळी भासू लागली. ठिपका पुसून दुसऱ्या डोळ्यात होता त्याच बाजूला पुन्हा काढल्यावर नजर जुळली. चेहरा वळलेला असेल तर लांबचा डोळा थोडा अरुंदही करावा लागतो.

शेवटी सगळ्यावर स्कॅनइतकाच दाणा द्या, नाहीतर नवी त्वचा मेणासारखी उठून दिसते. दोन्ही डोळे चमकेने झाकले असतील तर मात्र त्याच वयाचा बिनचष्म्याचा फोटो आधी शोधा. तो नसताना काढलेले डोळे तुमच्या वडिलांचे नसतील.