सुटे फोटो स्कॅनरवर, चिकटलेले मोबाइलने

फोंड्याच्या घरातले सुटे फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवरच घे. 2 बाय 3 इंचांचा फोटो 300 डीपीआयने घेतलास तर 600 बाय 900 पिक्सेल मिळतात; त्यातून छापील प्रत मूळ आकाराचीच नीट येते. 600 ठेवलेस तर 1200 बाय 1800, म्हणजे 4 बाय 6 इंचांची स्वच्छ प्रत. 2400 ला फाइल फुगते, वाढतो तो बहुधा कागदाचा पोत.

पावसाळी दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नकोस. वरचा थर काचेवरच राहतो. मी एक असाच घालवला. तो काचेसकट मोबाइलने टिप, फ्लॅश बंद, उजेड बाजूच्या खिडकीतून. काचेत तुझाच शर्ट दिसला तर मोबाइलमागे काळं कापड धर.