फीमोरल ट्रँगल: आधी शीथ नीट समजून घे

बीजेत असो की पुण्यातल्या दुसऱ्या कॉलेजात, व्हायव्हात पोरं अडकतात ती फीमोरल शीथवरच. त्रिकोणाच्या सीमा सोप्या आहेत: वर इंग्वायनल लिगामेंट, बाहेर सार्टोरियसची आतली कडा, आत ॲडक्टर लाँगसची आतली कडा. त्या डिसेक्शन टेबलवर बोट फिरवूनच पाठ कर.

आता शीथ. पोटातली ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया पुढून आणि फॅशिया इलियाका मागून खाली उतरतात आणि नळी बनते. तिचे तीन कप्पे, बाहेरून आत: धमनी, शीर, फीमोरल कॅनाल. फीमोरल नर्व्ह त्रिकोणात आहे, पण शीथमध्ये नाही. ती फॅशिया इलियाकाच्या मागून येते, त्यामुळे बाहेरच राहते. सगळे नेमकं इथेच चुकतात. धमनीच्या कप्प्यात जेनिटोफीमोरलची फीमोरल शाखा मात्र असते, ती वेगळी.

कॅनालमध्ये चरबी आणि क्लोकेची लिंफ नोड, बाकी मोकळी जागा. पायातून रक्त जास्त आलं की शीर त्या जागेत फुगते. पण तिथूनच हर्नियाही उतरतो. समजा, म्हातारी बाई, जांघेत छोटी, दुखरी गाठ, उलट्या. प्यूबिक ट्युबरकल चाचप. गाठीची मान त्याच्या खाली आणि बाहेर असेल तर फीमोरल हर्निया. वर आणि आत असेल तर इंग्वायनल. कॅनालचं तोंड आतून लॅक्युनर लिगामेंटच्या कडक कडेने आवळलेलं, म्हणून आतडं पटकन अडकतं. खोकल्यावर गाठ हलली नाही म्हणून हर्निया नाही, असं धरू नकोस.

ॲडक्टर कॅनाल आत्ता उघडू नकोस.