शाळेच्या सेटची कॅप्शन: स्टेशनरीवाल्यांचे प्रश्न

'शाळा सुरू, धमाका ऑफर' असं टाकलं, फोटो पण भारी होता, तरी सगळे फक्त 'प्राइस?' विचारतात आणि गायब होतात.

इयत्ता आणि किंमत पहिल्याच ओळीत घ्या, कारण इन्स्टावर सुरुवातीचंच दिसतं, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. आणि 'संपूर्ण सेट' लिहू नका, वह्या किती, किती पानी आणि कुठल्या रेघेच्या हे लिहा, आई-बाबा शाळेची यादी हातात घेऊनच बघत असतात. असं लिहा:

तिसरी-चौथीचा वही सेट ₹440 (सुटं घेतलं तर ₹490)
100 पानी वह्या 12: एकरेघी 8, चौकट 4
खाकी कव्हर रोल 1, नावाची लेबलं 1 शीट
पेन्सिली 10, खोडरबर 1, शार्पनर 1
5 सेट एकत्र घेतले तर प्रत्येकी ₹420, म्हणजे 5 चे ₹2100
वह्यांची रेघ यादीप्रमाणे बदलून मिळेल, यादीचा फोटो पाठवा

₹490 हा आकडा खरा पाहिजे बरं का. वही ₹30 प्रमाणे 360, कव्हर 50, लेबलं 20, पेन्सिली 50, खोडरबर-शार्पनर मिळून 10. कोणीतरी बेरीज करतंच.

सोसायटीतले पालक मिळून घेतात, त्यांना 10% सूट लिहू का?

आधी खरेदी बघा. समजा हा सेट तुम्हाला ₹370 ला पडतो, तर 440 ला 70 सुटतात, पण त्यावर 10% दिले की सेट 396 ला जातो आणि हातात 26 राहतात, त्यातच पिशवी आणि घरपोच करणाऱ्या पोराचं पेट्रोल! 420 ला 50 राहतात, ते झेपतं. शिवाय नुसती टक्केवारी लिहिली की ती एमआरपीवर का सेटच्या किमतीवर यावरून काउंटरवर वाद होतो, म्हणून सरळ रुपयेच लिहा. 5 सेट वेगवेगळ्या इयत्तांचे चालतील का हेही लिहा, मी तर म्हणेन चालू द्या, कारण एका बिल्डिंगमध्ये एकाच वर्गातली पाच मुलं सहसा नसतात. मग किंमत अशी लिहा की प्रत्येक सेटमागे ₹20 कमी. आणि प्रत्येक सेट मुलाच्या नावाने वेगळा बांधून द्या, नाहीतर वाटपाचा सगळा ताप ऑर्डर देणाऱ्या ताईंना होतो आणि पुढच्या वर्षी त्या पुढाकार घेत नाहीत.

जीएसटी वेगळा दाखवायचा का?

नाही. एमआरपीमध्ये सगळे टॅक्स धरलेले असतात. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनरवर तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी शून्य आहे.

ऑफर कधीपर्यंत ठेवू?

जूनच्या मध्यात शाळा उघडते (विदर्भात थोडी उशिरा), पण बऱ्याच शिक्षकांची यादी पहिल्या आठवड्यात येते, त्यामुळे शाळा उघडायच्या दिवशी ऑफर बंद करू नका, पुढे दहाएक दिवस चालू ठेवा आणि शेवटची तारीख कॅप्शनमध्येच टाका.