खालच्या आजींची चिठ्ठी: उत्तर लिहिण्याआधी ती नीट वाचा

«जर्मनीत येऊन चार महिने झाले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी हाताने लिहिलेली चिठ्ठी दाराला चिकटवली. फोटो काढून अॅपमधून मराठी केलं, तर आलं: "तू साडेसात वाजता मशीन लावतेस, रविवारी. बंद कर." आम्ही साडेसातला मिक्सर लावतच नाही, साडेसहाला चटणी वाटून मोकळे होतो. आवाज दुसऱ्या कुणाचा असेल, असं नम्रपणे कसं कळवू? फोटो जोडलाय.»

थांबा, तसं कळवू नका. फोटोत आजींनी "हाल्ब झीबेन" लिहिलंय. शब्दशः 'अर्धे सात', म्हणजे सातला अर्धा तास कमी: साडेसहा. अॅप जर्मनमधून मराठीत येताना मध्ये इंग्रजीतून आलं असावं. इंग्रजीत 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात, म्हणून तुमचा एक तास सरकला. आजी तुमच्याच चटणीबद्दल बोलतायत. "तो आवाज आमचा नव्हे" असं लिहिलं असतं, तर त्यांच्या लेखी तुम्ही धडधडीत खोटं बोलला असता.

अजून दोन गोष्टी निसटल्या आहेत. जुन्या वळणाचं लिहिणारे जर्मन लोक यू या अक्षरावर बारीकशी कमान काढतात, ते एनसारखं दिसू नये म्हणून. रविवारच्या आधीच्या शब्दावर ती कमान आहे. अॅपला तो शब्द लागला नाही आणि त्याने गाळून टाकला. तो आहे "आउख", म्हणजे 'सुद्धा'. तक्रार रोजची आहे, रविवारीसुद्धा. आणि तो 'तू' आजींचा नाहीच. त्यांनी सगळीकडे "झी" म्हटलंय, म्हणजे आपलं 'आपण'. शेवटचं वाक्य "बंद कर" नसून "आपल्याला विनंती करू इच्छिते" असं आहे. मला तर चिठ्ठी बरीच सौम्य वाटली.

पुढच्या वेळी फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, कागद सपाट ठेवून बरोबर वरून काढा. आधी अॅपकडून नुसता जर्मन मजकूर काढून घ्या, तो फोटोशी शब्दाशब्दाने ताडा, चुकलेलं हाताने दुरुस्त करा आणि मगच भाषांतर करा. वेळ, वार आणि 'नाही' हे तीन तर दोनदा बघा.

आता उत्तर. रात्रीची शांतता साधारण 22 ते 6 असते, त्यामुळे "साडेसहा तर नियमात बसतं" असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. रविवार दिवसभर शांततेचा मानतात, शिवाय तुमच्या इमारतीच्या नियमावलीत सकाळी सातपर्यंत किंवा दुपारी 13 ते 15 शांतता असू शकते. ती भाडेकरारासोबत मिळालेली असते, काढून बघा. "यापुढे आवाज होणार नाही" असंही लिहू नका. घरात लहान मूल असेल तर ते धावणारच, आणि लेखी शब्द आजींच्या हातात राहतो. जे नक्की पाळता येईल तेवढंच द्या.

मराठीत आधी असं लिहा, छोट्या सुट्या वाक्यांत, वेळ आकड्यांत:

"नमस्कार फ्राउ (आडनाव बेलच्या पाटीवर मिळेल), तुमची चिठ्ठी मिळाली. कळवल्याबद्दल आभार. सकाळी 6:30 वाजताचा आवाज आमच्या मिक्सरचा होता. तो तुमच्या घरात ऐकू येतो, हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही क्षमा मागतो. यापुढे आम्ही मिक्सर फक्त सोमवार ते शनिवार, 18:00 ते 19:30 या वेळेत लावू. रविवारी लावणार नाही. तरीही त्रास झाला तर कृपया आमची बेल वाजवा. तुमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी," आणि खाली तुमचं आडनाव.

याचं जर्मन करा आणि आलेलं जर्मन पुन्हा मराठीत उलटवून बघा. आकडे तेच हवेत, रविवारचं 'नाही' शाबूत हवं. जर्मनमध्ये कुठेही "डू" किंवा "डाइन" दिसलं तर ते 'तू-तुझं' झालंय, तिथे "झी" आणि "ईर" करा. मग स्वतःच्या हाताने कागदावर लिहून त्यांच्या पत्रपेटीत टाका. हाताने आलेल्या चिठ्ठीला छापील उत्तर कोरडं वाटतं.

आणि मिक्सरचं. हवेतून जाणाऱ्या आवाजापेक्षा ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून खाली उतरणारी थरथर जास्त छळते. मिक्सर भिंतीपासून सुटा ठेवा आणि खाली वॉशिंग मशीनखाली घालतात तसला जाड रबराचा तुकडा घाला. घडी केलेला टॉवेल नको, तळाच्या हवेच्या फटी बुजतात आणि मोटर तापते. चटणी संध्याकाळी वाटून फ्रिजमध्ये ठेवा, फोडणी तेवढी सकाळी द्या. इडलीचं पीठ तर रात्रभर आंबायला संध्याकाळीच वाटावं लागतं, त्यामुळे तिथे काही बदलणार नाही.